सर्बियातल्या 'स्मोकी'ला जर्मनीत काय म्हणतात, आणि नुसत्या फोटोवरून ते कसं शोधायचं

प्रश्न: बहीण बेलग्रेडला गेलीये, तिने तिथल्या दुकानातून एका पाकिटाचा फोटो पाठवला, वर smoki लिहिलंय. ती म्हणते मक्याचे फुगवलेले तुकडे आहेत, शेंगदाण्याची चव आहे आणि संपेपर्यंत हात थांबत नाही. मी जर्मनीत असतो, इथे या नावाचं काहीच सापडत नाहीये. इथे हे कुठल्या नावाने मिळतं? मागच्या बाजूचा फोटो अर्धवट आलाय, बारकोड दिसतो पण एक आकडा सुरकुतीत गेलाय.

उत्तर:

जर्मनीत या प्रकाराला एर्डनुसफ्लिप्स म्हणतात. कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये चिप्सच्या रांगेत मिळतील, शोधताना `Erdnussflips` असं टाईप करा म्हणजे झालं. लोरेन्झ कंपनीचे ते 'एर्डनुस लोकन' नावाने येतात, फनी-फ्रिशचे 'एर्डनुस फ्लिपीज' नावाने, आणि जवळपास प्रत्येक सुपरमार्केटचा स्वतःच्या ब्रँडचाही एक प्रकार असतो. शिवाय खुद्द स्मोकीच हवं असेल तर तेही जर्मनीत येतं, फक्त नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये नाही, बाल्कन किराणा विकणाऱ्या दुकानांत, कारण जुन्या युगोस्लाव्हियातून आलेली भरपूर माणसं तिथे राहतात.

एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं नाही वाचलं तरी चालेल. पण तुमच्या प्रश्नात 'कुठल्या नावाने मिळतं' असं आहे आणि तिथेच बहुतेक लोक भरकटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आयात होणाऱ्या पाकीटबंद मालाची लेबलं तपासणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे आणि 'फोटोतली ही वस्तू आमच्याकडे कोणती' ही चौकशी आमच्या ऑफिसात सतत येत असते.

या एका प्रश्नाच्या पोटात दोन वेगळे प्रश्न असतात. एक म्हणजे तीच कंपनी तीच वस्तू दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने विकते का, आणि दुसरा म्हणजे दुसरीच कुठली कंपनी त्याच जातीची वस्तू बनवते का. पहिल्याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण लेजचं. ब्रिटनमध्ये तेच चिप्स वॉकर्स नावाने, मेक्सिकोत सब्रितास, ऑस्ट्रेलियात स्मिथ्स, इजिप्तमध्ये चिप्सी. मालक सगळीकडे पेप्सिको, पिवळा गोल आणि त्यावरची लाल फीत पण तीच, फक्त मधलं नाव बदलतं, कारण त्या त्या देशात आधीपासून चालणारा ब्रँड कंपनीने विकत घेतला आणि लोकांच्या तोंडी बसलेलं नाव तसंच ठेवलं. अशा केसमध्ये लोगोवरून पाच मिनिटांत उत्तर सापडतं.

स्मोकीचं तसं नाहीये. ते बेलग्रेडच्या श्टार्क कंपनीचं आहे, १९७२ पासून बाजारात आहे, आणि श्टार्क आता झाग्रेबच्या अटलांटिक ग्रुपाकडे आहे. ही कंपनी जर्मनीत ते वेगळ्या नावाने विकत बसलेली नाही, जिथे पाठवते तिथे स्मोकी म्हणूनच पाठवते. म्हणजे तुम्ही 'स्मोकीचं जर्मन नाव' शोधत राहिलात तर काहीच हाती लागणार नाही, कारण तसं नावच नाही. तुम्हाला शोधायचीये ती जात, आणि जात शोधायची असेल तर ब्रँडचं नाव बाजूला ठेवून वस्तू नक्की कशाची आणि कशी बनलीये ते बघावं लागतं.

हे बनतं असं. मक्याचा रवा किंचित ओला करून एक्स्ट्रूडरमध्ये घालतात, आत स्क्रू फिरत असतो, दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात आणि रवा शिजून घट्ट लगद्यासारखा होतो. तो छोट्या भोकातून बाहेर आला की दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची झटक्यात वाफ होते आणि तुकडा फुगतो. तिथेच पातं फिरत असतं, ते तुकडे कापत जातं. मग ते वाळवतात आणि फिरत्या ड्रममध्ये शेंगदाण्याची पेस्ट, तेल आणि मीठ यांचं पातळ मिश्रण त्यांच्यावर चढवतात. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की फुगलेला भाग मक्याचा असतो आणि शेंगदाणा बाहेरून चढवलेला असतो, तोही नुसता वास किंवा फ्लेवर नाही, चांगला खराखुरा आणि भरपूर. चीज पफ्स दिसायला याचे सख्खे भाऊ वाटतात पण त्यांच्यावर तेल आणि मसाल्याची पावडर असते, हाताला ती पावडर लागते. इथे पावडर नसते, तुकडा हाताला जरा जड आणि किंचित तेलकट लागतो.

हीच जात इस्राइलमध्ये बाम्बा नावाने मिळते, ओसेम कंपनीचं, १९६४ पासून (पहिल्यांदा ते चीजच्या चवीचं काढलं होतं आणि फारसं चाललं नाही, शेंगदाण्याचं दोन वर्षांनी आलं, मग जे चाललं ते चाललंच). फ्रान्समध्ये कर्ली, ऑस्ट्रियात केलीज कंपनीचे स्निप्स. प्रत्येकाची रेसिपी वेगळी म्हणून चव हुबेहूब एक येणार नाही, पण जात एकच.

आता फोटोकडे येऊ. लोक पुढच्या बाजूचा फोटो काढतात कारण तिथे रंग आणि चित्र असतं, पण आमच्या कामाला पुढची बाजू सगळ्यात कमी उपयोगाची. पाकिटावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ बहुतेक वेळा बारीक अक्षरात मागे असते, ती म्हणजे वस्तूचं साधं वर्णन. युरोपियन युनियनमध्ये लेबलचा जो नियम आहे, २०११ चा ११६९ क्रमांकाचा, त्यात हे सक्तीचं आहे: ब्रँडचं नाव काहीही असू दे, ही वस्तू काय आहे ते सरळ शब्दांत लिहायचंच. जर्मन पाकिटावर ही ओळ 'शेंगदाणे घातलेला मक्याचा स्नॅक' अशा थाटाची असते. सर्बिया युनियनमध्ये नाही, पण अशी ओळ तिथल्या पाकिटांवरही असते. बहुतेक वेळा ती घटकांच्या यादीच्या अगदी वर किंवा यादीच्या सुरुवातीलाच असते. तुमच्या फोटोत मागची जी अर्धी बाजू आलीये तिच्यात `kikiriki` हा शब्द दिसतोय का बघा, सर्बियनमध्ये शेंगदाणा म्हणजे तोच, आणि `flips` दिसतोय का तेही बघा. हे दोन सापडले आणि सोबत मका म्हणजे `kukuruz` किंवा त्यापासून झालेला शब्द सापडला की ओळख पटली, पुढचं काम फक्त जुळवणीचं उरतं.

यादी वाचताना क्रम सोडू नका. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. फ्लिप्समध्ये मका आणि शेंगदाणा हे पहिल्या दोन-तीन जागांत असायला हवेत. शेंगदाणा यादीच्या शेपटीला, मिठाच्या आसपास असेल तर ती ही जात नव्हे, तो नुसता शेंगदाण्याच्या वासाचा पफ आहे. भाषा येत नसेल तर आणखी एक सोय आहे, युरोपियन युनियनमधल्या पाकिटांवर ॲलर्जी करणारे पदार्थ यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरात, म्हणजे ठळक शब्द शेंगदाणा, दूध, गहू, सोया असलं काहीतरी असतो आणि तुम्हाला सगळी यादी नाही, ते दोन-चार शब्दच शोधावे लागतात.

बारकोडचा एक आकडा गेलाय म्हणालात, त्याचं अजिबात टेन्शन घेऊ नका, एक आकडा परत काढता येतो. तेरा आकड्यांच्या बारकोडमध्ये शेवटचा आकडा हा तपासणीचा असतो. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे आकडे जसेच्या तसे घ्यायचे, दुसरा, चौथा, सहावा असे सम जागांवरचे तिपटीने घ्यायचे, आणि सगळ्यांची बेरीज दहाने भाग जाईल अशीच आली पाहिजे. गणितापुरता एक आकडा घेतो, हा स्मोकीचा नाही:

```
4 0 0 6 3 8 1 ? 3 3 9 3 1
```

विषम जागांवर ४, ०, ३, १, ३, ९, १ आहेत, बेरीज २१. सम जागांवर ०, ६, ८, मग गेलेला आकडा, मग ३ आणि ३, म्हणजे गेलेला सोडून २०, त्याची तिप्पट ६०. एकूण ८१. आता गेलेल्या आकड्याची तिप्पट ८१ मध्ये मिळवून शेवटी शून्य आलं पाहिजे, म्हणजे तिपटीच्या शेवटी ९ हवा, आणि तिप्पट केल्यावर शेवटी ९ येतो असा शून्य ते नऊमधला एकच आकडा आहे, ३. झालं. एक आकडा गेला असेल तर उत्तर नेहमी एकच निघतं. दोन गेले असतील तर दहा शक्यता उरतात, त्या एकेक करून टाकून बघायला दहा मिनिटं पुरतात, मी तर सरळ तसंच करतो. तीन गेले की मात्र दुसरा फोटो मागवलेला बरा.

पूर्ण नंबर मिळाला की तो ओपन फूड फॅक्ट्सवर टाका. ही फ्रान्समधून २०१२ मध्ये सुरू झालेली खुली यादी आहे, लोक स्वतः पाकिटं स्कॅन करून घटक, पोषणाचे आकडे आणि फोटो चढवतात. पत्ता असा बनतो, शेवटी स्पेस न देता तेरा आकडे लिहायचे:

```
https://world.openfoodfacts.org/product/बारकोड
```

तिथे ते पाकीट असेल तर तुमच्या फोटोत न आलेली मागची बाजू बहुतेक वेळा पूर्ण वाचायला मिळते. माहिती लोकांनी भरलेली असल्यामुळे कधी जुनी असते, कधी दशांश चिन्ह हललेलं असतं, तेव्हा तिथलेच लेबलचे फोटो उघडून आकडा डोळ्यांनी बघून घ्या, नुसत्या टेबलवर जाऊ नका.

बारकोडच्या सुरुवातीच्या तीन आकड्यांवरून लोक 'हे अमुक देशात बनलंय' असं छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाही. तुमचा नंबर ८६० ने सुरू होत असेल तर एवढंच कळतं की नंबर सर्बियाच्या जीएस१ संस्थेकडून घेतलाय, म्हणजे कंपनीची नोंदणी तिथली. जर्मनीचे ४०० ते ४४०, इस्राइलचा ७२९. माल दुसऱ्याच देशातल्या कारखान्यात बनलेला असू शकतो. तरी आपल्याला याचा उपयोग आहे, कारण कंपनी कुठली ते कळलं की कुणाच्या वेबसाईटवर शोधायचं ते कळतं. २० ते २९ ने सुरू होणारा नंबर असेल तर तो दुकानाने आतल्या आत वापरायला बनवलेला असतो, बाहेर शोधून काही सापडत नाही, वेळ घालवू नका. आणि दोन पाकिटांचे नंबर वेगळे म्हणजे वस्तू वेगळी असंही नाही, एकच माल वेगळ्या देशासाठी, वेगळ्या वजनात भरला की नंबर बदलतो.

इथपर्यंत आलात की जात कळली. आता जर्मनीतल्या रांगेत चार-पाच ब्रँड समोर असताना स्मोकीच्या जवळचा कोणता ते ठरवायचं. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि लोक नेमका हाच सोडून देतात, पिवळं पाकीट बघितलं की उचलतात.

या जातीत चव ठरवणारी मुख्य गोष्ट एकच, शेंगदाणा किती टक्के आहे. युरोपियन युनियनच्या त्याच नियमात असंही आहे की एखादा घटक नावात असेल किंवा चित्रातून उठून दाखवला असेल तर त्याचं प्रमाण टक्क्यांत लिहायलाच हवं. एर्डनुसफ्लिप्सच्या नावातच शेंगदाणा आहे त्यामुळे जर्मन पाकिटावर टक्का मिळणारच, `Erdnüsse` किंवा `Erdnuss` ने सुरू होणाऱ्या शब्दाच्या शेजारी बघा. बहुतेक वेळा तो तिशीच्या घरात असतो. बाम्बामध्ये जवळजवळ अर्धा शेंगदाणा असतो, म्हणून ते खाल्लं की तोंडात पीनट बटरसारखं चिकटतं. जर्मन फ्लिप्स त्या मानाने हलके आणि जास्त कुरकुरीत. नुसत्या या एका आकड्यावरून 'हे पाकीट त्या पाकिटासारखं लागेल का' याचा अंदाज बराच बरोबर येतो.

पण समजा फोटोतल्या पाकिटावरचा टक्काच वाचता येत नाहीये, फक्त पोषणाचं टेबल दिसतंय. तेव्हा प्रोटीनवरून टक्का काढता येतो. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रोटीन असतं, मक्याच्या रव्यात ७-८, तेलात आणि मिठात शून्य. म्हणजे ३० टक्के शेंगदाणा आणि ५० टक्के मका असेल तर शेंगदाण्याचे साडेसात आणि मक्याचे साधारण चार, मिळून साडेअकरा-बारा ग्रॅम. शेंगदाणा ५० टक्के आणि मका ४० टक्के असेल तर साडेबारा अधिक तीन, म्हणजे पंधराच्या वर. आणि शेंगदाणा नावापुरताच असेल तर सहा-सातच्या पुढे आकडा जात नाही, साधे चीज पफ्स तिथेच असतात. तेव्हा टेबलमध्ये १०० ग्रॅमला प्रोटीन बघायचं: सहा-सात दिसले तर पाकीट परत ठेवायचं, बाराच्या आसपास असेल तर नेहमीचे फ्लिप्स, पंधरा-सोळाच्या वर गेलं तर शेंगदाणा भरपूर. यात एक पळवाट आहे, यादीत दुधाची पावडर, मसूर किंवा वाटाण्याचं पीठ असेल तर प्रोटीन तिकडून पण येतं आणि हिशोब फसतो, म्हणून आधी यादीवर एक नजर टाकून घ्यायची.

दोन देशांची टेबलं शेजारी ठेवताना मात्र एकक बघायला विसरू नका, निम्मे घोटाळे इथेच होतात. युरोपात आकडे १०० ग्रॅमचे असतात, अमेरिकेत एका सर्व्हिंगचे, स्नॅकला ती बहुतेक २८ ग्रॅमची असते. अमेरिकन पाकिटावर प्रोटीन ५ ग्रॅम दिसलं की ते कमी वाटतं, पण १०० ग्रॅमचं करायला साडेतीनने गुणलं की ते अठराच्या जवळ जातं. त्यातही अमेरिकेत प्रोटीन पूर्ण ग्रॅममध्ये छापतात, म्हणजे ५ म्हणजे साडेचार ते साडेपाचमधलं काहीही, गुणाकार केल्यावर सोळा ते एकोणीस असा मोठा पट्टा होतो, तेव्हा तिथे दशांशापर्यंत तुलना करण्यात काही अर्थ नाही. मिठाचंही तसंच, युरोपात मीठ लिहितात आणि अमेरिकेत सोडियम, सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ. हे का सांगतोय तर फ्लिप्समध्ये शेंगदाण्याच्या टक्क्यानंतर चवीत फरक पाडतं ते मीठच. तुमच्या केसमध्ये दोन्ही पाकिटं युरोपातली आहेत त्यामुळे ही डोकेदुखी नाही, पण उद्या अमेरिकेतून कुणी फोटो पाठवला तर लागेल.

बरं, आता सगळ्यात वाईट सापळा, तो म्हणजे नाव सारखं आणि वस्तू वेगळी. यात चॉकलेट बारसारखं दुसरं काही नाही. अमेरिकेत १९२३ ला फ्रँक मार्सने मिल्की वे काढला, आत नूगा आणि वर कॅरामेलचा थर. त्याच्या मुलाने, फॉरेस्टने, १९३२ मध्ये इंग्लंडला जाऊन त्याच धर्तीचा बार मार्स नावाने काढला. पुढे ब्रिटनमध्ये मिल्की वे नावाचाही बार आला, पण त्यात कॅरामेल नाही, तो अमेरिकेतल्या थ्री मस्केटीअर्सच्या जवळचा. म्हणजे कुणी न्यूयॉर्कमधून मिल्की वेचा फोटो पाठवला आणि तुम्ही युरोपात मिल्की वे घेतला तर नाव जुळलं आणि वस्तू चुकली, तुम्हाला खरं तर मार्स घ्यायला हवा होता. कॅनडात स्मार्टीज म्हणजे रंगीत आवरणाच्या चॉकलेटच्या गोळ्या, अमेरिकेत स्मार्टीज म्हणजे साखरेच्या दाबलेल्या चकत्या, आणि त्या चकत्या कॅनडात रॉकेट्स नावाने विकतात. किटकॅट तर नाव आणि आकार दोन्ही सारखे, पण अमेरिकेत तो हर्शी बनवते परवाना घेऊन आणि बाकी जवळपास सगळीकडे नेस्ले, त्यामुळे चॉकलेटच वेगळं लागतं. असल्या वेळी नावावर न जाता वर सांगितलेली वर्णनाची ओळ आणि पहिले तीन घटक, एवढंच बघायचं.

रंगावरही जाऊ नका. ब्रिटनमध्ये वॉकर्सचं चीज अँड अनियन निळ्या पाकिटात आणि सॉल्ट अँड व्हिनेगर हिरव्या पाकिटात येतं, तिथल्याच बाकीच्या बऱ्याच कंपन्यांत बरोबर उलटं. एका देशातच ही गत तर देश ओलांडून रंगाचा काय भरवसा. आणि फोटो जुना असेल तर नाव मध्येच बदललेलं असण्याची शक्यता धरा, ट्विक्स युरोपात बऱ्याच ठिकाणी १९९१ पर्यंत रायडर होता आणि स्निकर्स ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत मॅरेथॉन, कुणाच्या जुन्या अल्बममधला फोटो असला की हे हमखास आडवं येतं.

ॲलर्जीचं थोडक्यात पण ठामपणे. जात एक म्हणजे घटक एक असं नाही. एका ब्रँडमध्ये मका, शेंगदाणा, तेल, मीठ एवढंच असतं आणि शेजारच्या ब्रँडमध्ये दूध किंवा गहू निघतो. घरात कुणाला ॲलर्जी असेल तर फोटोवरून किंवा ऑनलाईन यादीवरून काहीही ठरवू नका, हातात आलेल्या पाकिटाची यादी दरवेळी वाचा, कारण रेसिपी बदलते आणि पाकिटाचं डिझाईन तेच राहतं.

आता तुम्ही प्रत्यक्ष करायचं ते असं. बहिणीला सांगा की पाकीट अजून फेकलं नसेल तर मागची बाजू सपाट करून, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून पुन्हा फोटो काढ, पाकीट चकाकतं म्हणून मोबाईल जरा तिरका धर, आणि घटक, पोषणाचं टेबल, बारकोड असे तीन जवळून काढ. बाल्कन देशांतल्या पाकिटांवर मागे एकच मजकूर पाच-सहा भाषांत असतो, प्रत्येकाच्या आधी देशाची अक्षरं असतात, त्यात कधी कधी इंग्रजी किंवा जर्मन पण सापडतं, तेव्हा नुसता सर्बियन परिच्छेद नको, सगळी बाजू यायला हवी. तिथे आयात करणाऱ्यांची नावं पण असतात, सर्बियनमध्ये `uvoznik` च्या पुढे. जर्मनीतला पत्ता दिसला तर त्या कंपनीला सरळ ईमेल करून विचारा की तुमचा माल माझ्या शहरात कुठल्या दुकानात जातो, मी असं बऱ्याचदा विचारलंय आणि बहुतेक जण सांगतात, त्यांना माल विकायचाच असतो.

तोपर्यंत सुपरमार्केटमधून दोन वेगळ्या ब्रँडचे एर्डनुसफ्लिप्स आणा, एक शेंगदाण्याचा टक्का जास्त असलेला आणि एक कमी असलेला, म्हणजे तुम्हाला नक्की कुठल्या बाजूला जायचंय ते कळेल. घेताना तारीख बघा, बेस्ट बिफोर लांबची असलेलं घ्या, शेंगदाण्याचं तेल बाहेरच्या थरात उघड्यावर असतं म्हणून जुना माल कडवट आणि खवट लागतो आणि मग 'हे स्मोकीसारखं नाही' असा निष्कर्ष निघतो, जो त्या ब्रँडवर अन्याय आहे. पाकीट उघडल्यावर हवेतला ओलावा पण लगेच धरतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी उघडून चाखा, एक आज आणि एक उद्या असं नको. बहिणीने येताना खरं स्मोकी आणलं तर तेही त्याच दिवशी उघडा. आणि दोन्हीपैकी एकही जवळ वाटलं नाही तर तिसऱ्या ब्रँडच्या मागे न लागता सरळ बाल्कन दुकान गाठा.